‘करण्यात आले’पासून ‘केलं’पर्यंत: निवेदनाच्या वाक्याची पार्श्वभूमी

माहितीपट, बोलती पुस्तके किंवा ध्वनिमालिका यांच्यासाठी लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक सूचना मिळते: ‘कर्मणी टाळा, कर्तरीत लिहा.’ सूचनेमागचा हेतू बरोबर आहे, पण तिच्यातले दोन्ही शब्द चुकीच्या जागी वापरलेले आहेत. मराठीत ती सूचना शब्दशः पाळली, तर भूतकाळात धड एक गोष्ट सांगता येणार नाही. ती आली कुठून आणि अजून का टिकली, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

जुन्या मराठी गद्यात कर्मणीचे एक वेगळे रूप होते, ‘-इजे’ प्रत्ययाचे. ‘म्हणिजे’, म्हणजे ‘म्हटले जाते’. त्यातले आज जे उरले ते आपण कर्मणी म्हणून ओळखतही नाही. ‘म्हणजे’ हा त्याच ‘म्हणिजे’चा झिजलेला अवशेष, आणि ‘पाहिजे’ही त्याच कुळातला. ‘मला चहा पाहिजे’ म्हणणाऱ्याला आपण सातशे वर्षांपूर्वीचे कर्मणी रूप वापरतो आहोत, असा संशयही येत नाही. तेव्हा कर्मणी आहे म्हणून वाक्य कानाला खटकते, हे गृहीतक इथेच डळमळते.

खरा गुंता एकोणिसाव्या शतकातला आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण मराठीतून छापले गेले (हे ‘छापले गेले’ मुद्दाम ठेवले आहे), आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत व्याकरणकारांनी प्रयोगांची व्यवस्था बसवली. संज्ञा संस्कृतातून घेतल्या: कर्तरी, कर्मणी, भावे. क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते, एवढेच मराठीत प्रयोग सांगतो. ‘राम आंबा खातो’मध्ये ते रामाप्रमाणे चालते, म्हणून कर्तरी. ‘रामाने आंबा खाल्ला’मध्ये ते आंब्याप्रमाणे चालते (चिंच असती तर ‘खाल्ली’ झाले असते), म्हणून कर्मणी. ‘रामाने रावणाला मारले’मध्ये ते कोणाचेच ऐकत नाही, म्हणून भावे. १९११मध्ये आलेल्या मोठ्या व्याकरणाने ही मांडणी आणखी बारकाईने केली, आणि शाळेत आपण सगळे तिचीच कुठली ना कुठली आवृत्ती शिकलो.

त्याच शाळेत, पुढच्या तासाला, इंग्रजीचे ‘ॲक्टिव्ह’ आणि ‘पॅसिव्ह’ शिकवले गेले आणि त्यांचे मराठी म्हणून कर्तरी आणि कर्मणी हेच शब्द फळ्यावर लिहिले गेले. घोळ झाला तो इथे. इंग्रजीतला तो भेद क्रियापद कोणाशी जुळते याचा नाही. वाक्यात पुढे कोण आहे आणि करणारा मागे ढकलला आहे का, याचा आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे मराठी व्याकरणात कर्मणी, पण इंग्रजीच्या हिशेबाने सरळ ‘ॲक्टिव्ह’. राम पहिला, खाणारा तोच, आणि ‘रामाने आपला आंबा खाल्ला’ म्हटले तर ‘आपला’ म्हणजे रामाचाच. करणाऱ्याला कोणी हलवलेले नाही. इंग्रजी ‘पॅसिव्ह’ला जुळणारे मराठी वाक्य ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ हे आहे. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात, कुठे ‘कर्मकर्तरी’ही म्हणतात, आणि त्यावर इंग्रजी वळणाचा शिक्का मारतात. ‘ने’ लावलेल्या भूतकाळी वाक्याला कर्मणी म्हणावे की नाही, यावर पुढच्या अभ्यासकांनी बराच वाद घातला. एका बाजूचे म्हणणे, जुळणी कर्माशी आहे, नाव बदलायचे कारण नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, अर्थाने आणि वागण्याने कर्ता रामच आहे, नाव दिशाभूल करते. निवेदन लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दुसरी बाजू जास्त पटते, कारण दिशाभूल प्रत्यक्षात झालेली आम्ही रोज पाहतो.

ती कशी? ‘कर्मणी नको’ हे ऐकलेला नवा लेखक ‘तिने दार उघडलं’ हे वाक्य तपासतो. क्रियापद दाराशी जुळते, म्हणजे कर्मणी, म्हणजे बाद. मग तो करतो ‘ती दार उघडते’. भूतकाळात बहुतेक सकर्मक क्रियापदांना कर्तरी रूपच नाही. ‘तो पाणी प्याला’, ‘ती नाव विसरली’ अशी मोजकी सुटतात. त्यामुळे उरतो तो वर्तमानकाळ. शंभर वर्षांपूर्वीचा प्रसंग, आणि निवेदक सांगतो, ‘तो तिथे पोचतो, दगड उचलतो, पाया खणतो.’ मधूनच एखादे वाक्य असे चालते, पण चाळीस मिनिटे चालले की धावते समालोचन ऐकल्यासारखे वाटते. हा वर्तमानकाळ कोणी शैली म्हणून निवडलेला नाही. तो व्याकरणाच्या एका शब्दाच्या गैरसमजातून आला आहे.

आता जे खरोखर टाळायचे, त्याकडे. मुंबईत रेडिओ १९२७मध्ये आला आणि दूरचित्रवाणी १९७२मध्ये, पण लिहिलेले गद्य तासन् तास मोठ्याने वाचून दाखवायची वेळ अलीकडची. दरम्यान १९६४च्या राजभाषा कायद्यानंतर कारभाराचे ढीगभर कागद मराठीत यायला लागले होते, आणि त्या कागदांचे आवडते रूप ‘-ण्यात येणे’. ‘निवड करण्यात आली’, ‘कळविण्यात येते’. यात करणारा सांगावा लागत नाही, हीच त्याची सोय. अहवालातून ते बातमीत गेले, बातमीतून पाठ्यपुस्तकात, तिथून माहितीपटाच्या संहितेत. शिवाय इंग्रजी माहितीपट मराठीत येऊ लागले तेव्हा ‘बांधला गेला’, ‘मानले जाते’ यांची भर पडली. या दोन प्रवाहांतला पहिला जास्त त्रासदायक, असे माझे मत. ‘गेला’ निदान एका शब्दात आटोपतो.

ध्वनिमुद्रणात त्रास कुठे होतो, ते नेमके दाखवता येते. दीपगृहावरच्या एका संहितेतल्या वाक्याचा साचा असा होता:

‘दीपगृहाच्या उभारणीसाठी आवश्यक असणाऱ्या दगडाची निवड करण्यात आल्यानंतर त्याची वाहतूक नौकांच्या साहाय्याने करण्यात आली व भरतीच्या काळात काम बंद ठेवण्यात येत असे.’

बावीस शब्द. वाचणारी कलाकार अनुभवी होती, तरी दोनदा अडखळली, आणि दोन्ही वेळा ‘करण्यात’च्या आधी तिने श्वास घेतला. कारण साधे आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि आवाज तिथे टेकतो. इथे कामाचा शब्द ‘निवड’ आणि ‘वाहतूक’ ही नामे झाली आहेत, ती मधेच निघून जातात, आणि आवाज टेकतो तो ‘आली’वर, ज्यात काहीच नाही. अशी पाच वाक्ये ओळीने आली की सगळ्यांचा शेवट आली, आला, आले असा एकाच सुरात होतो. पानावर हे दिसत नाही, कारण डोळा मागे जाऊ शकतो.

दुरुस्ती करताना आधी नामात कोंडलेले क्रियापद बाहेर काढायचे. ‘निवड करण्यात आली’त ‘निवडणे’ आहे, ‘वाहतूक करण्यात आली’त ‘आणणे’ किंवा ‘नेणे’. मग करणारा शोधायचा. इथे मूळ मजकुरात करणारा नव्हताच. नव्या लेखकाने अशा वेळी ‘अभियंत्यांनी’ घालून दिले असते, पण दगड अभियंत्याने निवडला की कंत्राटदाराने, हे आपल्याला माहीत नसताना ते घालणे म्हणजे नवी माहिती तयार करणे. शेवटी जे झाले ते असे:

‘दीपगृहासाठी आधी दगड निवडला. तो नौकांतून आणला. भरती आली की काम थांबायचं.’

बारा शब्द. आणि गंमत अशी, की ‘दगड निवडला’ हे बदनाम झालेल्या कर्मणीचेच रूप आहे. क्रियापद दगडाशी जुळते, म्हणून करणारा गाळला तरी वाक्य लंगडे पडत नाही. हे दोन-तीन वाक्यांपर्यंतच चालते. पुढे ऐकणारा ‘कोणी?’ विचारायला लागतो.

तिसऱ्या वाक्यात ‘थांबवत’ न लिहिता ‘थांबायचं’ लिहिले. मराठीत थांबणे-थांबवणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या आहेत. करणारा ठाऊक नसेल किंवा महत्त्वाचा नसेल, तर जोडीतले पहिले क्रियापद घ्यावे. ‘भिंत पाडण्यात आली’चे ‘भिंत पडली’ मात्र करू नये, तिथे अर्थ बदलतो. कोणीतरी पाडली होती, आपोआप पडली नव्हती. तिथे ‘भिंत पाडली’. ‘गोळीबार करण्यात आला’ इथे तर जास्तच सांभाळावे लागते: कोणी केला हे सिद्ध नसेल तर ‘गोळीबार झाला’ एवढेच. करणारा लपवणे हाच मूळ दस्तऐवजाचा मुद्दा असेल, तर ते वाक्य जसेच्या तसे उद्धृत करून ‘कोणी, ते कागदात लिहिलेलं नाही’ असे निवेदकाने स्वतःच्या वाक्यात सांगितलेले बरे.

संहिता ‘केले’ लिहायची की ‘केलं’, हा वाद अजून मिटलेला नाही. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला लेखननियमांची आडकाठी नाही. पण निवेदक पात्र नाही आणि लेखकही नाही. बरेच जण ‘केले’ लिहून ‘वाचताना केलं म्हण’ असे सांगतात. त्यात एक अडचण आहे. ‘पत्र आले’चे ‘पत्र आलं’ होते, पण ‘पाहुणे आले’चे ‘आले’च राहते. कर्ता आठ शब्द मागे राहिलेला असताना वाचणाऱ्याने ते एका क्षणात ओळखायचे असते, आणि आमच्याकडे एकदा ‘सगळे गावकरी जमलं’ असे मुद्रित होऊन संकलनापर्यंत पोचले. तेव्हापासून आम्ही संहितेतच अनुस्वार देतो.