गाय आखडते ते कॅल्शियम कमी पडल्यानेच का?

“गाय आखडून चालते, दातही काळपट झालेत. कॅल्शियमच्या बाटल्या दिल्या की सुटेल ना?”

नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं, आणि त्यानेही गाय आखडते, दात डागाळतात. म्हणून आधी बोअरचं पाणी तपासा. खालचा ओठ ओढून पुढचे दात बघा: खडूसारखे पांढरे ठिपके, तपकिरी पट्टे, नखाने खरवडूनही न जाणारे. दात हिरडीत घडतानाच हे डाग बसतात. म्हणून मोठेपणी विकत आणलेल्या गाईचे दात स्वच्छ असूनही पाय आखडतात. नळीच्या हाडावर टणक गाठ हाताला लागते.

लिटरमागे 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड निघालं तर तपासलेल्या उघड्या विहिरीचं किंवा साठवलेल्या पावसाचं पाणी द्या, कालवडींना सर्वात आधी. पाणी उकळू नका, फ्लोराइड आणखी दाट होतं. पाणी बदलल्यावर आखडणं हळूहळू थोडं सैल पडू शकतं. दात मात्र तसेच राहतात.