बी-ट्रीमधून आकडा काढताना: उसनवारी, विलीनीकरण आणि ‘ऑर्डर’ या शब्दाचा गुंता

आकडे क्रमाने ठेवून झटकन शोधू देणाऱ्या बी-ट्री या झाडासारख्या रचनेत आकडा घालण्याची रीत बहुतेकांना पाठ असते, काढण्याची रीत मात्र पुस्तकागणिक बदललेली दिसते. दोन पुस्तकं एकाच झाडातून एकच आकडा काढायला सांगतात आणि पावलं वेगळी पडतात. कधी एक रीत चालते आणि दुसरी अडून बसते. याचं मूळ १९७० ते १९९० या वीस वर्षांत आहे.

पहिली मांडणी १९७०ची. विमानं बनवणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन संशोधकांनी ती केली आणि १९७२मध्ये ती नियतकालिकात छापून आली. आकडा काढण्याची रीत तेव्हापासूनच पूर्ण होती. मूळ, म्हणजे सगळ्यात वरचा नोड सोडला तर प्रत्येक नोडमध्ये किमान k आणि कमाल 2k आकडे, हा त्यांचा नियम. नोड k च्या खाली गेला की शेजारच्या भावंडाकडे पाहायचं. दोघांत मिळून पुरेसे आकडे असतील तर वाटून घ्यायचे, नसतील तर दोघांचा एक नोड करायचा.

k = 2 धरून हे झाड पाहू. प्रत्येक नोडमध्ये दोन ते चार आकडे.

```
                      [४०]
         [१५ २८]                [५५ ७०]
[५ ९] [१८ २१ २५] [३१ ३६]  [४४ ४८] [५८ ६३] [७५ ८० ९०]
```

आधी ९ काढू. पहिल्या पानात, म्हणजे सगळ्यात खालच्या ओळीतल्या पहिल्या नोडमध्ये, एकटा ५ उरतो, म्हणजे एक कमी. उजव्या भावंडाकडे तीन आकडे आहेत, त्याला एक देणं परवडतं. पण १८ उचलून थेट ५ शेजारी ठेवता येत नाही, कारण पालकातला १५ या दोन पानांची सीमा आहे आणि १८ त्याच्या डावीकडे गेला तर क्रम मोडेल. म्हणून १५ खाली उतरतो आणि त्याच्या जागी १८ वर चढतो. उसनवारी अशी नेहमी पालकामार्फत होते.

```
                      [४०]
         [१८ २८]                [५५ ७०]
[५ १५] [२१ २५] [३१ ३६]  [४४ ४८] [५८ ६३] [७५ ८० ९०]
```

आता ३१ काढू. पानात ३६ उरतो. डाव्या भावंडाकडे २१ आणि २५ असे जेमतेम दोन आहेत. उजवीकडचं [४४ ४८] कागदावर शेजारी दिसतं, पण त्याचा पालक वेगळा, त्यामुळे ते भावंड नव्हे. (इथे बरेच जण चुकतात. चुलत नोडशी व्यवहार करायचा तर सीमेचा आकडा आजोबांकडून आणावा लागतो, आणि नेहमीच्या रीतीत ते बसत नाही.) मग विलीनीकरण: २१, २५, मधला २८ पालकातून खाली आणि ३६. नवं पान [२१ २५ २८ ३६] बरोबर चार आकड्यांचं होतं.

पण २८ खाली आल्यामुळे पालकात १८ एकटा पडला. त्याचं भावंड [५५ ७०] किमान मर्यादेवर आहे, देण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. म्हणून वरच्या पातळीवरही विलीनीकरण होतं: १८, मुळातला ४० खाली, ५५, ७०. मूळ रिकामं होतं, टाकून दिलं जातं आणि झाडाची उंची एकाने घटते.

```
                 [१८ ४० ५५ ७०]
[५ १५] [२१ २५ २८ ३६] [४४ ४८] [५८ ६३] [७५ ८० ९०]
```

बी-ट्रीची उंची कमी होण्याची ही एकच वाट आहे: मुळाची शेवटची दोन मुलं एकत्र येणं. तपासायचं असेल तर मुलं मोजा. चार आकड्यांना पाच मुलं हवीत, तितकी आहेत.

शेवटी मुळातला ५५ काढू. आतला आकडा नुसता काढला तर सीमाच नाहीशी होते, म्हणून त्याच्या लगेच पुढचा ५८ पानातून वर आणतात. पानात ६३ उरतो. उजव्या भावंडाकडे तीन आहेत, त्यामुळे ७० खाली आणि ७५ वर.

```
                 [१८ ४० ५८ ७५]
[५ १५] [२१ २५ २८ ३६] [४४ ४८] [६३ ७०] [८० ९०]
```

ही सगळी पावलं खालून वर जाणारी आहेत: आधी पानापर्यंत उतरायचं, आकडा काढायचा आणि तूट दिसेल तिथे दुरुस्त करत चढायचं. १९७०च्या मांडणीत एक तपशील वेगळा होता. तिथे भावंडाकडून एकच आकडा घेत नसत, दोघांचे आकडे निम्मेनिम्मे वाटत. k दोन असताना फरक जाणवत नाही. k शंभर असेल आणि एका नोडमध्ये ९९, दुसऱ्यात २०० असतील, तर एकच घेतल्यावर १०० आणि १९९ राहतात आणि पुढच्याच वजाबाकीला पहिला नोड पुन्हा तुटीत जातो. निम्मे वाटले तर १४९ आणि १५० होतात. डिस्कवर एक नोड म्हणजे एक पेज, आणि तीच पेजं दोन्ही वेळी लिहायची आहेत, मग मूळ रीतच शहाणपणाची. गंमत अशी की या वाटपालाच तेव्हा ‘अंडरफ्लो’ म्हटलं होतं. पुढे तो शब्द तुटीसाठी रूढ झाला, म्हणजे इलाजाचं नाव आजाराला लागलं.

याहून मोठा गुंता ‘ऑर्डर’ या शब्दाचा आहे. मूळ मांडणीत झाड ओळखलं जाई ते k वरून, म्हणजे किमान आकड्यांवरून. १९७३मध्ये आलेल्या, शोध आणि क्रमवारी या विषयावरच्या एका प्रसिद्ध ग्रंथखंडाने ऑर्डर म्हणजे मुलांची कमाल संख्या m, अशी व्याख्या केली. १९९०च्या एका जाडजूड पाठ्यपुस्तकाने ऑर्डर हा शब्दच बाजूला ठेवून t घेतला: मुलांची किमान संख्या. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या वर्गांत ही तिन्ही मापं एकत्र फिरतात. वरचं झाड पहिल्या मापाने २चं आहे आणि दुसऱ्या मापाने ५चं.

तिसऱ्या मापाने ते कितीचं? कितीचंही नाही, आणि इथेच खरी मेख आहे. k च्या मापात मुलांची कमाल संख्या 2k+1 येते, म्हणजे नेहमी विषम. t च्या मापात ती 2t येते, म्हणजे नेहमी सम. फक्त m मध्ये दोन्ही बसतात. अनेक जण हे निव्वळ शब्दांतर समजतात आणि एका मापातलं झाड दुसऱ्या मापातल्या रीतीला जोडतात. माझ्या मते या विषयातला सर्वांत जास्त गोंधळ यातून आला आहे, कारण सम-विषमावर आकडा काढण्याची रीत ठरते.

१९९०च्या पुस्तकाने वरून खाली, एकाच फेरीत काढण्याची रीत शिकवली. उतरताना ज्या मुलात पाऊल टाकायचं त्यात किमानपेक्षा एक तरी जास्त आकडा आधीच असला पाहिजे, नसेल तर उसनं घेऊन किंवा विलीन करून तो जास्त करायचा. मग दुरुस्तीसाठी परत वर चढायची गरज उरत नाही. पण त्यासाठी किमान मर्यादेवरची दोन भावंडं आणि मधला आकडा एका नोडमध्ये मावले पाहिजेत. t च्या झाडात (t-1) + 1 + (t-1) = 2t-1, बरोबर कमाल. k च्या झाडात k + 1 + k = 2k+1, कमालपेक्षा एक जास्त. खालून वर जाताना हीच बेरीज जमते, कारण तिथे एक नोड आधीच एकाने कमी झालेला असतो.

आपल्याच झाडावर हे करून पाहा. ९ काढल्यानंतरचं झाड घ्या आणि ३१ वरून खाली जात काढायला निघा. मुळातून [१८ २८] कडे जायचं, तिथे जेमतेम दोन आकडे. भावंड [५५ ७०] ही तसंच. विलीन करावं तर १८, २८, ४०, ५५, ७० असे पाच होतात आणि कमाल चार. रीत पहिल्याच पावलाला अडते. कमाल पाच धरली, म्हणजे t = 3, तर ती चालते: [१८ २८ ४० ५५ ७०] हे नवं मूळ होतं, मग पानांच्या पातळीवर २१, २५, २८, ३१, ३६ एकत्र येतात आणि त्यातून ३१ जातो. शेवटचं झाड खालून वर गेल्यावर मिळालं होतं तेच. पण एक किंमत आहे. झाडात नसलेला ३३ काढायला सांगितलं तरी हीच सगळी उलथापालथ होते आणि एकही आकडा न जाता उंची घटते.

या रीतीचं आकर्षण एकाच वेळी अनेकांनी झाड वापरण्याच्या गरजेतून वाढलं होतं. वर चढायचं नसेल तर वरच्या नोडवरचं कुलूप लवकर सोडता येतं. १९८१च्या एका निबंधाने वेगळा मार्ग काढला: प्रत्येक नोडला उजव्या शेजाऱ्याचा दुवा द्यायचा. भरलेला नोड फुटून दोन झाल्यावर आकडे उजवीकडे जातात, म्हणून उशिरा पोचलेला वाचक दुवा धरून त्यांच्यापर्यंत जाऊ शकतो. उसनवारीत मात्र उलटं होतं. आपल्या पहिल्या पावलात कोणी १८ शोधत पालकातला [१५ २८] वाचून मधल्या पानाकडे निघाला आहे असं समजा. तो पोचेपर्यंत १८ वर चढलेला असतो. पानात [२१ २५] दिसतात, उजवीकडचा दुवा उपयोगाचा नाही, आणि असलेला आकडा नाही म्हणून सांगितला जातो. त्या निबंधाने विलीनीकरण टाळलं: पानातून आकडा काढायचा आणि तूट तशीच ठेवायची.

ही सोय आहे की हयगय, यावर वाद होता. १९९३च्या एका विश्लेषणाने तो बराच मिटवला. जिथे भर वजाबाकीपेक्षा कमी नसते तिथे अर्ध्यावर विलीन करण्याऐवजी पूर्ण रिकामं झाल्यावरच पेज सोडलं, तर जागा थोडीच जास्त लागते आणि फेररचना खूप कमी होते. माझा कलही तिकडेच आहे.

आजचे डेटाबेस ज्या बी-प्लस प्रकारावर चालतात, तिथे खरे आकडे फक्त पानांत असतात. त्यामुळे पानं विलीन होताना मधला आकडा खाली येत नाही, नुसता पुसला जातो. पोस्टग्रेस पेज पूर्ण रिकामं झाल्यावरच झाडातून काढतो, अर्धवट भरलेली दोन पेजं एकत्र करत नाही. त्यामुळे पसरून बरेच आकडे गेले तर विरळ पेजं तशीच राहतात, इंडेक्सचं आकारमान नोंदींच्या मानाने मोठं दिसू लागतं आणि `REINDEX` करावं लागतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी मात्र अर्ध्यावर विलीन करतं, आणि ती मर्यादा `MERGE_THRESHOLD` ने १ ते ५० टक्क्यांत बदलता येते. दोन्ही पेजं पन्नास टक्क्यांच्या आसपास असतील तर विलीन झालेलं पेज जवळजवळ भरलेलं असतं आणि पुढच्या एक-दोन नोंदींना पुन्हा फुटतं. हे चक्र सुरू आहे का ते `INNODB_METRICS` मधल्या `index_page_merge_attempts` आणि `index_page_merge_successful` या मोजण्यांवरून कळतं. त्या भराभर वाढत असतील तर मर्यादा खाली आणायची.