टिंबाचे तास आणि कोलनचे तास: ८.३० म्हणजे साडेआठ की आठ तास अठरा मिनिटे?

वेळ लिहिताना तास आणि मिनिटे यांच्यामध्ये टिंब देण्याची मराठीतली सवय जुनी आहे. लग्नपत्रिकेवर मुहूर्त ‘सकाळी ११.४५ वाजता’ असाच छापलेला असतो आणि तो वाचताना कोणाचाही गोंधळ होत नाही, कारण तिथले टिंब दशांश चिन्ह नसून तास आणि मिनिटे वेगळी दाखवणारी खूण असते. हीच सवय घेऊन आपण एक्सेलमध्ये बसलो की मात्र हिशोब बिघडतो. एक्सेलच्या लेखी टिंब म्हणजे दशांश चिन्हच असते. त्यामुळे ८.३० ही संख्या त्याच्यासाठी आठ पूर्णांक तीन दशांश, म्हणजेच ८ तास १८ मिनिटे ठरते. साडेआठ तास दशांशात लिहायचे तर ८.५ लिहावे लागतात आणि घड्याळाच्या रीतीने लिहायचे तर ८:३०.

एका लहान छापखान्यातील कामगाराच्या आठवड्याच्या नोंदी पाहू. मस्टरवर सोमवारपासून शनिवारपर्यंत ८.३०, ७.४५, ८.१५, ९.२०, ७.५० आणि ४.४० असे तास लिहिलेले आहेत. हे आकडे जसेच्या तसे B2 ते B7 या घरांत भरून `SUM` लावला की बेरीज नेमकी ४५ येते आणि ती इतकी गोल असते की कोणाला शंकाही येत नाही. प्रत्यक्षात तास वेगळे मिळवले तर ते ४३ होतात आणि मिनिटे वेगळी मिळवली तर २०० होतात. २०० मिनिटे म्हणजे ३ तास २० मिनिटे, म्हणून खरी बेरीज ४६ तास २० मिनिटे आहे. एक्सेलने मिनिटांचा हातचा साठाऐवजी शंभरावर घेतला, आणि तेवढ्यानेच कामगाराचे १ तास २० मिनिटांचे काम हिशोबातून गळाले.

म्हणून सूत्र लावण्याआधी समोरचा स्तंभ टिंबाच्या कोणत्या रीतीने लिहिला आहे, हे ठरवावे लागते. टिंबानंतरचे दोन अंक पाहावेत. त्यांत एकदाही ६० किंवा त्याहून मोठा आकडा आला, उदाहरणार्थ ७.७५, तर तो स्तंभ दशांश तासांचा असतो, कारण ७५ मिनिटे कोणी लिहीत नाही. शेकडो नोंदींत एकही आकडा ५९ च्या पुढे जात नसेल, तर ती तास-मिनिटेच असण्याची दाट शक्यता असते. वरच्यासारख्या सहाच नोंदी असतील, तर मात्र या खुणेवर विसंबू नये. मस्टर लिहिणाऱ्यालाच विचारावे. आणखी एक फसवी गोष्ट अशी की नेहमीच्या स्वरूपात एक्सेल शेवटचे शून्य दाखवत नाही. त्यामुळे मस्टरवरचे ८.३० पडद्यावर ८.३ असे दिसते आणि पुढे कोणी ते ‘आठ तास तीन मिनिटे’ असेही वाचू शकतो.

यापुढच्या रूपांतराचा पाया एकच आहे. एक्सेल काय किंवा गूगल शीट्स काय, दोन्हींत वेळ दिवसाच्या भागांत साठवली जाते. १ म्हणजे पूर्ण दिवस, ०.५ म्हणजे बारा तास. त्यामुळे कोणतेही दशांश तास २४ ने भागले की ते खऱ्या वेळेत येतात. मस्टरच्या रीतीने लिहिलेल्या आकड्यातून मात्र आधी मिनिटे सुटी करावी लागतात:

```
=(INT(B2)+ROUND(MOD(B2,1)*100,0)/60)/24
```

यात `INT` तास काढतो, `MOD` टिंबानंतरचा भाग देतो, त्याला शंभराने गुणून मिनिटे मिळतात आणि ती साठाने भागून त्यांचे तास होतात. हे सूत्र C स्तंभात प्रत्येक ओळीला लावायचे आणि त्या घरांना `h:mm` हे वेळेचे स्वरूप द्यायचे असते. आधी बेरीज करून मग एकाच घराला ते लावले, तर ४५ चे ४५:०० होतात आणि चूक तशीच राहते, उलट वेळेच्या स्वरूपात दिसल्यामुळे ती अधिक खरी वाटू लागते.

हजेरीच्या यंत्रातून आलेला तक्ता बहुधा खऱ्या दशांशांत, दोन स्थळांपर्यंत असतो. त्याला नुसते २४ ने भागणे पुरेसे वाटते, पण तिथे एक बारीक गळती आहे. ७ तास २० मिनिटे दशांशात ७.३३ अशी येतात, आणि ७.३३ चे परत रूपांतर केले की ७ तास १९ मिनिटे ४८ सेकंद होतात. `h:mm` हे स्वरूप सेकंद जवळच्या मिनिटात न मिळवता सोडून देते, म्हणून घरात ७:१९ दिसते. असे तीन दिवस मिळवले तर ओळींत तीनदा ७:१९ आणि खाली बेरीज २१:५९ दिसते, म्हणजे ओळींशीही जुळत नाही आणि खऱ्या बावीस तासांशीही नाही. उपाय असा की प्रत्येक ओळ आधी पूर्ण मिनिटांत आणावी:

```
=ROUND(B2*60,0)/1440
```

दिवसाची मिनिटे १४४०, म्हणून भागाकार त्यांनी. दोन स्थळांच्या दशांशातील चूक जास्तीत जास्त ०.३ मिनिटांची, म्हणजे अर्ध्या मिनिटापेक्षा कमी असते, त्यामुळे मूळ मिनिट नेमके परत मिळते.

आता ओळी बरोबर झाल्या तरी C स्तंभाखालची बेरीज ४६:२० ऐवजी २२:२० दिसते. इथे चूक गणिताची नसून स्वरूपाची आहे. `h:mm` हे घड्याळ दाखवते, आणि घड्याळात चोवीस तास झाले की पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. चौकोनी कंस घातलेले `[h]:mm` मात्र एकूण लागलेला काळ दाखवते. एक्सेलमध्ये Ctrl+1 दाबून Custom मध्ये ते लिहावे; गूगल शीट्समध्ये Duration हे स्वरूप तेच काम करते. घरातली किंमत आधीपासून बरोबरच असते, फक्त ते २४ तास नजरेआड झालेले असतात. `TIME` या फंक्शनची गोष्ट वेगळी आहे: `=TIME(46,20,0)` लिहिले तर चोवीस तास खरोखरच टाकून दिले जातात आणि मग कोणतेही स्वरूप ते परत आणू शकत नाही. मोठ्या कालावधीसाठी ते वापरू नये.

बेरीज अपेक्षेपेक्षा कमी आली आणि ओळी मात्र ठीक दिसत असल्या, तर घरांचे संरेखन पाहावे. दुसरीकडून चिकटवलेले ‘८:३०’ कधीकधी मजकूर म्हणून बसते. ते घराच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसते आणि `SUM` त्याला मोजतच नाही, तसा इशाराही देत नाही. `=ISNUMBER(C2)` ने FALSE दिले की खात्री होते.

मजुरी काढताना उलट वाटेने यावे लागते. ताशी १२० रुपये दर असेल आणि बेरजेच्या घराला थेट १२० ने गुणले, तर सुमारे २३१ रुपये ६७ पैसे येतात, कारण त्या घरात ४६:२० दिसत असले तरी साठवलेली किंमत १.९३ दिवस इतकीच असते. तासांचा दर लावण्याआधी दिवसांचे तास करावे लागतात:

```
=C8*24*120
```

उत्तर ५,५६० रुपये येते. मस्टरच्या टिंबावर विसंबून ४५ तास धरले असते, तर ५,४०० रुपये झाले असते, म्हणजे कामगाराच्या हाती १६० रुपये कमी पडले असते.