पोट पुढे वाढतं, मग कापड कुठे वाढवायचं?

एप्रिलच्या शेवटी भाची माहेरपणाला इंदूरला आली, तेव्हा तिला सहावा महिना होता. बॅगेत गरोदरपणासाठी म्हणून घेतलेल्या चार नव्या कुर्त्या आणि तशाच लेगिंग्ज. कापड मऊसूत, हवं तेवढं ताणणारं. तरी दुपारी राजवाड्याकडून आली की पाठ चिंब आणि पोटावर लालसर पुरळ. "मावशी, हे तर कॉटन आहे ना? मग इतकं का उकडतं?"

मी कुर्तीची चिठ्ठी पाहिली. तिच्यावर 'कॉटन फील' लिहिलेलं होतं. म्हणजे हाताला सुतासारखं लागणारं कापड, सुती कापड नव्हे. आतल्या शिवणीतले दोन धागे काढले, चिमट्यात धरले आणि मोरीत काडी लावली. सूत कागदासारखं जळतं आणि मागे भुरभुरीत राख उरते. इथे धागा आक्रसला, वितळला आणि टोकाशी कडक काळा मणी झाला. पॉलिएस्टरच.

गरोदरपणात शरीरातलं रक्त साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, त्वचेकडे जास्त रक्त येतं आणि शरीर उष्णताही जास्त तयार करतं. ती बाहेर टाकायची तर उन्हाळ्यात घामाशिवाय मार्ग नाही, कारण त्वचेचं तापमान असतं 35 अंशांच्या आसपास आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी पंख्याचा कोरडा वारासुद्धा अंगाला उष्णताच देतो. गारवा मिळतो तो घाम वाळण्यातून. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. (ही भौतिकशास्त्रातली छोटी कॅलरी, जेवणातली नव्हे.) ओघळून खाली पडलेला घाम मात्र जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून कापडाची परीक्षा एवढीच की ते घाम वाळू देतं की नाही.

सूत नेहमीच्या हवेतला दमटपणा आपल्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के धाग्याच्या आत सामावून घेतं, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. पण नुसत्या धाग्यावर सगळं ठरत नाही. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवेची पोकळी हवी. कापड सैल असेल तर चालताना ते भात्यासारखं हलतं आणि दमट हवा गळ्यातून, घेरातून बाहेर ढकलली जाते. ताणून बसलेल्या कुर्तीत ही पोकळीच उरत नाही. कापड ताणणारं हवं आणि हवेशीरही हवं, या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात त्या इथेच. माझ्या मते उपाय एकच: ताण लागतो तेवढ्याच जागी ताणणारं कापड लावायचं, बाकी सगळं सैल सुती ठेवायचं.

आता मापं पाहू. भाचीचा बेंबीपाशी घेर चौथ्या महिन्यात 33 इंच होता, सहाव्यात 36 झाला. नवव्यापर्यंत 41 धरू. हे वाढलेले इंच अंगाभोवती सारखे वाटले जात नाहीत, बहुतेक पुढेच येतात. पाठीचं माप फारसं बदलत नाही. त्यामुळे दोन नंबर मोठी कुर्ती घेतली की खांदे उतरतात, बाह्या लोंबतात, आणि पोटाशी मात्र ती तरीही ओढलेलीच असते.

आम्ही वॉयल, म्हणजे पातळ, विरळ विणीचं सुती कापड, आणलं. दुकानात कापड उजेडासमोर धरून विणीतली छिद्रं पाहिली आणि तोंडाला लावून फुंकलं. पलीकडे तळहाताला वारा लागला म्हणजे विणीतून हवा जाते. घरी धुऊन, खळ काढून, त्यावर पाण्याचा थेंब सोडला. तो लगेच पसरला. (धुण्याआधी हा थेंब टाकाल तर खळीमुळे तो वरच बसून राहील आणि चांगलं कापडही नापास होईल.)

मास्टरजींना सांगितलं, छातीखाली योकचा जोड द्या, म्हणजे वरचा भाग वेगळा आणि खालचा वेगळा कापा, पाठ साधी 20 इंचांची ठेवा आणि योकखालचा पुढचा भाग 32 इंचांचा घेऊन 18 इंचांत चुण्या घाला. घेर झाला 52. म्हणजे 41 च्या पोटावरही भात्याला जागा राहिली. पुढची उंची मागच्यापेक्षा दोन इंच जास्त ठेवली, कारण पोट वाढतं तसा पुढचा घेर वर उचलला जातो. गळ्यापासून योकच्या जोडापर्यंत बटणं लावली. ती वाऱ्यासाठी, आणि पुढे बाळाला पाजण्यासाठीही.

आता ताणाचं काम पायजम्याच्या कमरेला. परकराची नाडी किंवा अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक पोटाखाली रुततं, कारण सगळी ओढ त्या अरुंद पट्ट्यावर येते. तीच ओढ सात इंच रुंद पट्टीवर पसरली तर कातडीवरचा दाब चौदाव्या हिश्शावर येतो. म्हणून पायजम्याचं कापड वॉयल ठेवलं आणि कमरेला कॉटन लायक्रा होजिअरीची सात इंची पट्टी लावली: 95 टक्के सूत, 5 टक्के लायक्रा. पट्टीचा घेर मोकळा असताना 33 इंच. म्हणजे सहाव्या महिन्यात ती नऊ-दहा टक्के ताणली जाईल आणि नवव्यात चोवीस टक्के.

ते झेपेल का, हे शिवण्याआधीच कळतं. धुऊन वाळवलेल्या तुकड्यावर पेनाने चार इंचांवर दोन खुणा करा, आडवं ओढून पाच इंच करा, अर्धा मिनिट धरा आणि सोडा. दोन मिनिटांनी खुणा चार इंचांवर परत आल्या तर पट्टी टिकेल. सव्वाचारवर राहिल्या तर महिन्याभरात ती ढगळ होऊन खाली घसरणार. पाच इंचांपर्यंत ओढायलाच जोर लागत असेल तर ती पोटाला आवळेल. तयार कपड्यांत ही पट्टी बहुधा दुहेरी असते, आपण एकेरीच लावावी. या जागी कापड कातडीला चिकटलेलंच असणार, निदान घामाला दोन थर पार करायला नकोत.

मे महिन्याच्या कोरड्या झळांत हे कपडे छान चालले. ओलं झालेलं वॉयल पंख्याखाली बघता बघता वाळायचं. जूनच्या अखेरीला पाऊस आला आणि तेच कापड वेगळं वागू लागलं. हवा दमट असली की घाम वाळत नाही, मग सूत तो धरून बसतं, ओलं कापड कातडीला घासतं आणि छातीखाली, पोटाच्या घडीत घामोळं येतं. इथे कापड बदलून फारसं साधत नाही, कपडे बदलावे लागतात. भाची दुपारी आणि संध्याकाळी कुर्ता बदलायची आणि घडीची जागा मऊ पंचाने टिपून कोरडी करायची. मात्र पुरळ नसताना तळहात, तळपाय खाजायला लागले तर कपड्याला दोष देत बसू नका. गरोदरपणात ते यकृताच्या त्रासाचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पट्टीची काळजी वेगळी घ्यावी लागते. लायक्रा गरम पाण्याने, ब्लीचने आणि कडक इस्त्रीने मरतो. मध्ये एकदा मोलकरणीने पायजमा उकळत्या पाण्यात भिजवला, तेव्हा आठवड्याभरात पट्टीवर केसासारखे बारीक पांढरे धागे वर आले. ते तुटलेल्या लायक्राचे. पायजमा चांगला होता, म्हणून फक्त पट्टी उसवून नवी लावली. जुलैमध्ये दवाखान्यात जाताना भाचीच्या अंगावर तोच होता.