प्रश्नमंजूषा : प्रश्नरचना आणि अनुमान

प्रश्नमंजूषेचा प्रश्न बहुधा उत्तरापासून मागे येत रचला जातो. क्विझमास्टर आधी उत्तर निवडतो आणि मग ते माहीत नसलेल्या संघालाही तिथवर पोहोचता येईल असे धागेदोरे प्रश्नात ठेवतो. ‘१५८२ साली कोणत्या पोपने कालगणना सुधारली?’ या प्रश्नात तेरावे ग्रेगरी हे नाव आठवते किंवा आठवत नाही. विचाराला वाव नाही. त्याच घटनेवर पुढील प्रश्न रचता येतो : ‘स्पेनमधील संत तेरेसा यांचे निधन ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री झाले, दफनविधी दुसऱ्याच दिवशी झाला, तरी त्याची तारीख १५ ऑक्टोबर आहे. हे कसे?’

येथे ‘पोप’ आणि ‘कालगणना’ हे शब्द मुद्दाम गाळले आहेत, कारण त्यांपैकी एकही आला तर उत्तर उघडे पडते. वर्ष मात्र गाळता येत नाही. ते काढले की उरते ती निव्वळ अटकळ. ‘दुसऱ्याच दिवशी’ हे शब्दही आवश्यक आहेत. ते नसतील तर ‘पार्थिव दूरच्या गावी न्यावे लागले’ हे उत्तरही ग्राह्य ठरेल, आणि एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे निघणे हा रचनेतील सर्वांत मोठा दोष होय.

अनुभवी संघ ‘दुसऱ्याच दिवशी’ हे शब्द अक्षरशः घेतो. विलंब झाला नसेल तर ५ ते १४ या दहा तारखाच नाहीशा झाल्या असल्या पाहिजेत. हे एका घराण्यापुरते किंवा गावापुरते घडणे शक्य नाही, म्हणून कारण कालगणनेतच शोधावे लागते. कॅथलिक स्पेन आणि सोळावे शतक या दोन खुणा रोमकडे बोट दाखवतात. उत्तर देण्यापूर्वी पडताळाही घेता येतो : त्याआधी प्रचलित असलेल्या ज्युलियन कालगणनेचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने साधारण १२८ वर्षांत एक दिवसाची चूक साचते, आणि ईस्टरच्या गणनेसाठी आधार मानलेल्या ३२५ सालच्या नायसिया परिषदेपासून १५८२ पर्यंत ती जवळजवळ दहा दिवसांची होते.

याच विषयावरचा एक लोकप्रिय प्रश्न मात्र सदोष आहे. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी वारले, असे त्यात गृहीत धरलेले असते. दोघांच्या नावांपुढे २३ एप्रिल १६१६ ही तारीख दिसते खरी, परंतु इंग्लंडने नवी कालगणना १७५२ मध्ये स्वीकारली. त्यामुळे या दोन तारखांमध्ये दहा दिवसांचे अंतर आहे, शिवाय सर्व्हांतेस यांचा मृत्यू २२ तारखेचा आणि २३ ही दफनाची तारीख, असे मानले जाते. तारखेवर बेतलेला प्रश्न तपासताना देश आणि कालगणना दोन्ही पाहावी लागतात, ती अशी.

किती उत्तर पुरेसे, हे क्विझमास्टरने आधीच लिहून ठेवलेले असावे. वरील प्रश्नाला ‘ग्रेगोरियन कालगणना लागू झाली’ एवढे उत्तर पूर्ण धरावे. पोपचे नाव प्रश्नात विचारलेले नसल्यामुळे त्याच्या अभावी गुण कापता येत नाहीत.