थ्रीडी प्रिंटर रात्रभर चालू ठेवण्यापूर्वी

प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर रचणाऱ्या थ्रीडी प्रिंटरला एखादी मोठी वस्तू छापायला बारा-पंधरा तास सहज लागतात, त्यामुळे काम संध्याकाळी लावून झोपी जाण्याची सवय अनेकांना असते. या प्रिंटरमध्ये उष्णतेचे दोन स्रोत असतात. पीएलए हे प्लास्टिक वितळवण्यासाठी नोझल साधारण २०० ते २१० अंशांवर आणि वस्तू चिकटून राहावी म्हणून खालचा बेड ६० अंशांच्या आसपास ठेवला जातो. दोन्ही ठिकाणी तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो आणि त्याच्या आकड्यावर विसंबून फर्मवेअर हीटर चालू-बंद करते.

हा थर्मिस्टर नोझलवरच्या ठोकळ्यातून निसटून बाहेर लोंबू लागला, तर तो हवेचे तापमान सांगू लागतो. नोझल थंड पडली असे समजून प्रिंटर हीटरला पूर्ण वीज देत राहतो आणि ठोकळा लाल होण्याइतका तापू शकतो. ‘थर्मल रनअवे’ संरक्षण नेमके हेच ओळखते: वीज दिली जात असूनही ठरावीक सेकंदांत तापमान अपेक्षेप्रमाणे वाढले नाही, किंवा वाढून पुन्हा खाली घसरले, तर ते सर्व हीटर बंद करून प्रिंटर थांबवते. एकेकाळी स्वस्त म्हणून भरपूर खपलेल्या एनेट ए८ या प्रिंटरच्या मूळ फर्मवेअरमध्ये हे संरक्षण चालू नव्हते, त्यामुळे जुना किंवा वापरलेला प्रिंटर घेतला असेल तर खात्री करूनच घ्यावी. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, नोझल थंड झाल्यावर नोझलच्या हीटरच्या दोन्ही वायरी बोर्डवरून पूर्णपणे सोडवाव्यात; मग प्रिंटर चालू करून `M104 S200` ही आज्ञा द्यावी किंवा पडद्यावरील मेनूतून नोझलचे तापमान २०० करावे. मार्लिन फर्मवेअर असेल तर साधारण मिनिटभरात `Heating Failed` असा संदेश येऊन प्रिंटर थांबायला हवा. दोन-तीन मिनिटांनंतरही तो निमूटपणे वाट पाहत असेल, तर संरक्षण नाही असेच समजावे.

मात्र हीटरला वीज सोडणारा मॉसफेट हा भाग स्वतःच जळून कायमचा ‘चालू’ अवस्थेत अडकला, तर फर्मवेअरला बिघाड कळूनही वीज तोडता येत नाही. बेडला चिकटवलेला आणि त्याच्या वायरीत मालिकेत जोडलेला थर्मल फ्यूज येथे उपयोगी पडतो, कारण तो कोणाच्या आज्ञेची वाट पाहत नाही.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित धोका सैल जोडाचा आहे. १२ व्होल्टवर चालणारा १२० वॅटचा बेड १० अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे त्याचा रोध १.२ ओहम असतो. कनेक्टर ढिला होऊन तेथे केवळ ०.१ ओहमची भर पडली, तर प्रवाह सुमारे ९.२ अँपिअरवर येतो आणि त्या वाटाण्याएवढ्या जागेत जवळजवळ साडेआठ वॅट उष्णता साचू लागते. प्रवाह उलट कमी झाल्यामुळे घरातील एमसीबी पडत नाही. बेडही थोड्या उशिराने का होईना ६० अंश गाठतो, म्हणून फर्मवेअरलाही काही वावगे दिसत नाही. प्लास्टिकचा कनेक्टर मात्र आधी पिवळसर, मग तपकिरी होतो आणि शेवटी वितळतो. म्हणूनच बेड तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर आधी हा जोड पाहावा. स्क्रूखाली दाबलेल्या वायरीच्या टोकाला सोल्डर लावलेले असेल, तर ते मऊ धातू दाबाखाली हळूहळू पसरते आणि घट्ट बसवलेला जोड काही महिन्यांत ढिला पडतो. ते टोक कापून त्यावर फेरूल म्हणजे धातूची छोटी नळी दाबून बसवावी. बेड पुढेमागे सरकत असेल, तर वायर जिथे वाकते तिथे आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि उरलेल्या तारांवर भार वाढतो, म्हणून ती जागाही प्लग काढून बोटांनी चाचपून पाहावी.

धुराचा अलार्म यांतले काहीच रोखत नाही, पण तो माणसाला वेळेत उठवतो. धुमसणाऱ्या प्लास्टिकचा धूर प्रकाशाच्या विखुरण्यावरून ओळखणारा फोटोइलेक्ट्रिक प्रकार येथे योग्य ठरतो. तो प्रिंटरच्याच खोलीत छताला, पंख्याच्या झोतापासून दूर लावावा आणि झोपण्याच्या खोलीचे दार बंद असताना बटण दाबून आवाज ऐकू येतो का, हे प्रत्यक्ष तपासावे; येत नसेल, तर झोपण्याच्या खोलीत त्याला जोडलेला दुसरा अलार्म हवा.

घरात कोणी नसताना, अलार्मची बॅटरी संपलेली असताना किंवा जळका वास एकदा जरी आला असेल, तर कारण सापडेपर्यंत प्रिंटर लक्ष न देता चालू ठेवू नये. नवा प्रिंटर, नुकताच बदललेला हीटर, थर्मिस्टर किंवा फर्मवेअर यांनाही हाच नियम लागू होतो, कारण चुकीची जोडणी बहुधा पहिल्याच काही छपायांत उघड होते. पुठ्ठ्याच्या किंवा थर्माकोलच्या खोक्यात झाकलेला, पडद्याशेजारी ठेवलेला आणि घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर असलेला प्रिंटर तर रात्री चालवूच नये. अशा वेळी मॉडेल स्लायसरमध्ये कापून दोन भागांत छापावे आणि दोन्ही भाग दिवसा, आपण जागे असताना लावावेत.