‘रांग रिकामी आहे’ या उत्तराची पार्श्वभूमी

संदेशांची रांग रिकामी आहे का, हा प्रश्न एके काळी सरळ होता, कारण रांग एकाच ठिकाणी असे. आयबीएमने 1993 मध्ये आणलेल्या एमक्यूसीरिजमध्ये स्थानिक रांगेत या क्षणी किती संदेश आहेत, हे `CURDEPTH` या गुणधर्मावरून कळे. आणि मागितला तरी संदेश नसेल, तर 2033 हा कारण-क्रमांक परत येई. ज्या क्यू मॅनेजरकडे संदेश होते त्याच्याकडूनच हे उत्तर येत असल्यामुळे, त्या क्षणापुरते तरी ते संपूर्ण रांगेविषयीचे असे. ‘काही मिळेनासे झाले की काम संपले असे समजा आणि थांबा’ अशी लूप लिहिण्याची सवय याच काळातली, आणि त्या रचनेत ती फारशी चुकीचीही नव्हती.

रांग अनेक यंत्रांवर विभागली गेली तेव्हा प्रश्नाचे शब्द बदलले नाहीत. बदलला तो उत्तराचा अर्थ. ॲमेझॉनची एसक्यूएस ही सेवा 2006 मध्ये सर्वांसाठी खुली झाली, आणि या बदलाचे स्पष्ट उदाहरण तिच्यात दिसते. एकाच रांगेतले संदेश तिथे अनेक सर्व्हरवर पसरलेले असतात. `ReceiveMessage` ही विनंती नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे शॉर्ट पोलिंगने केली, तर सेवा सगळे सर्व्हर पाहत नाही. भारित यादृच्छिक निवडीने त्यांतले काही निवडते आणि तेवढ्यांतच शोधते. निवडलेल्या सर्व्हरवर काही नसेल, तर उत्तर रिकामे येते. त्या उत्तरावर ‘आम्ही काही भागच पाहिला’ अशी कोणतीही खूण नसते. दस्तऐवजात ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. पण प्रोग्रामच्या हाती येते ती केवळ रिकामी यादी, आणि एकसंध रांगेच्या काळातली लूप तिचा जुनाच अर्थ लावते. संदेश भरपूर असताना ही चूक सहसा दिसत नाही, कारण कुठल्याही सर्व्हरवर काहीतरी सापडतेच. मोजकेच संदेश उरले की ती डोके वर काढते, आणि ‘संपले का?’ हा प्रश्न आपण विचारतो तोही नेमका तेव्हाच.

2012 मध्ये तिथे लॉंग पोलिंग आले. `WaitTimeSeconds` ला शून्याहून मोठी, जास्तीत जास्त 20 सेकंदांपर्यंतची किंमत दिली, की सगळ्या सर्व्हरना विचारले जाते आणि अपुऱ्या पाहणीतून येणारी खोटी रिकामी उत्तरे टळतात. तरीही दुसऱ्या कन्झ्युमरने उचललेले पण अजून न पुसलेले संदेश त्या काळात अदृश्यच राहतात, त्यामुळे तेव्हाही रिकामे उत्तर म्हणजे ‘काम संपले’ नव्हे.

लिंक्डइनमध्ये तयार होऊन 2011 मध्ये मुक्त झालेल्या काफ्काने वेगळी वाट धरली. तिथे विभागणी लपवलेली नाही. टॉपिक क्रमांकित पार्टिशनचा बनलेला असतो, प्रत्येक पार्टिशनचा ऑफसेट स्वतंत्र असतो, आणि कन्झ्युमर ग्रुप कुठवर पोहोचला हेही पार्टिशननिहायच नोंदले जाते. या प्रामाणिकपणाची किंमत अशी, की उत्तरांची जुळवणी करण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. क्रमांक शून्यापासून सुरू होत असल्यामुळे घाईत लिहिलेली तपासणी बहुतेक वेळा पार्टिशन 0 पाहते आणि तिथेच थांबते. चाचणीच्या यंत्रणेत टॉपिकला एकच पार्टिशन असेल, तर ती तपासणी तिथे अचूकही ठरते.

एक कल्पित पण नेहमीच्या घडणीचे उदाहरण घेऊ. टॉपिकला 12 पार्टिशन आहेत, संदेशाची की म्हणजे ग्राहक क्रमांक, आणि जुना कन्झ्युमर बंद करण्यापूर्वी साचलेले काम संपले याची खात्री करायची आहे. स्क्रिप्टने पार्टिशन 0 मध्ये वाचलेला ऑफसेट 48210 आणि शेवटचा ऑफसेटही 48210 पाहिला आणि ‘रांग रिकामी’ असे कळवले. पूर्ण चित्र मात्र या आदेशाने दिसले असते:

```
kafka-consumer-groups.sh --bootstrap-server localhost:9092 \
  --describe --group nondi
```

त्यात पार्टिशन 7 च्या ओळीत वाचलेला ऑफसेट 47002, शेवटचा 50914 आणि `LAG` 3912 होता. एका मोठ्या ग्राहकाची की हॅश होऊन याच पार्टिशनवर येत होती, म्हणून साचलेले सगळे काम तिथेच होते. एका कीचे सगळे संदेश एका पार्टिशनमध्ये, हा काफ्काच्या क्रमाच्या हमीचाच भाग असल्यामुळे असा असमतोल अपघाताने येत नाही, तो रचनेतूनच येतो.

चूक लक्षात आल्यावर लोक `LAG` चा स्तंभ बेरजेला लावतात, आणि तिथे आणखी एक खड्डा आहे. ग्रुपने ज्या पार्टिशनसाठी अजून एकही ऑफसेट नोंदवलेला नाही, त्याच्या ओळीत अंकाऐवजी `-` येते. `awk` सारखे साधन बेरजेत ते शून्य धरते. जिथे वाचन सुरूच झालेले नाही, ते पार्टिशन या हिशेबात पूर्ण वाचलेले ठरते. म्हणून `-` असलेली ओळ ‘माहीत नाही’ अशीच मोजली पाहिजे, आणि मिळालेल्या ओळी टॉपिकच्या पार्टिशनसंख्येइतक्या आहेत का, हेही पाहिले पाहिजे.

अशा तपासण्या वर्षानुवर्षे का टिकून राहिल्या, यालाही एक कारण आहे. की नसलेले संदेश प्रोड्युसर पूर्वी पाळीपाळीने एकेका पार्टिशनला देत असे, त्यामुळे कन्झ्युमर सगळीकडे सारख्या गतीने वाचत असतील, तर एक पार्टिशन पाहून बाकीच्यांचा अंदाज बऱ्यापैकी जुळे. 2019 च्या अखेरीस आलेल्या 2.4 आवृत्तीत ही रीत बदलली आणि एक बॅच भरेपर्यंत संदेश एकाच पार्टिशनला चिकटू लागले. बॅच मोठ्या व्हाव्यात आणि विलंब घटावा, असा त्यामागचा हेतू. पण थोडेच संदेश असताना ते एका कोपऱ्यात असणे आणि पार्टिशन 0 कोरडे असणे आता नेहमीचेच झाले. अंदाज जुळत होता तो योगायोगाने, हे तेव्हा उघड झाले.

सगळी पार्टिशन पाहिली तरी ती एकाच क्षणी पाहता येत नाहीत, आणि हा पेच काफ्काच्या बराच आधीचा आहे. अनेक यंत्रांवर पसरलेले काम संपले हे कसे ओळखावे, यावर डाइक्स्ट्रा, फायेन आणि व्हान गॅस्टेरेन यांनी 1983 मध्ये वर्तुळात फिरणाऱ्या टोकनची पद्धत मांडली. टोकन एखाद्या यंत्राला रिकामे पाहून पुढे गेल्यावर दुसऱ्या कोणी त्याच यंत्राकडे काम पाठवले तर ती फेरी फसवी ठरते, म्हणून काम पाठवणारा स्वतःला काळा रंग देतो आणि काळा रंग दिसलेली फेरी रद्द होऊन नवी सुरू होते. काफ्कात हाच धोका कन्झ्युमर अपयशी संदेश पुन्हा त्याच टॉपिकमध्ये लिहितो तेव्हा येतो: पार्टिशन 3 तपासून झाल्यावर पार्टिशन 9 वरचा संदेश परत 3 मध्ये पडू शकतो. असे पुनर्लेखन नसेल तर काम सोपे होते. सर्व प्रोड्युसर थांबवून 12 पार्टिशनचे शेवटचे ऑफसेट एकदा टिपून ठेवायचे. ते आता वाढणार नाहीत, आणि वाचलेले ऑफसेट नेहमीच्या चालीत पुढेच जातात, म्हणून प्रत्येक पार्टिशनने आपला टिपलेला आकडा गाठल्याचे वेगवेगळ्या वेळी पाहिले तरी चालते. पुनर्लेखन असेल, तर शेवटचे ऑफसेट पुन्हा वाचावे लागतात, आणि त्यांतला एक जरी हलला असेल तर फेरी पहिल्यापासून करावी लागते.